कोयनेचा साठा टीएमसीत सांगता, चढ-उतार फुटांतही सांगा

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, सातारा आणि सांगली

विषय : धरणाच्या पाण्याची पातळी आणि भूकंप यांचा संबंध लोकांना कळेल अशी माहिती रोजच्या पत्रकात देण्याबाबत

महोदय,

पावसाळ्यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांत एक आकडा शेंबड्या पोरालाही पाठ असतो. कोयनेचा साठा आज किती टीएमसी झाला, नवजाला पाऊस किती पडला, आणि सांगलीकर असेल तर पुढचा प्रश्न, आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं. पुरानं शिकवलेली ही सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण त्याच धरणाचा दुसरा हिशेब पाटण आणि शिराळ्याच्या लोकांच्या पायाखाली चालू असतो. तो टीएमसीत नव्हे, फुटांत मांडावा लागतो. तो रोजच्या पत्रकात मांडावा एवढ्यासाठी हे पत्र.

मी मूळचा मोरणा खोऱ्यातला, आणि कराडला अनेक वर्षं भूशास्त्र शिकवलं. त्यामुळे धक्का बसला की शेजारीपाजारी मला दोन प्रश्न हमखास विचारतात. धरणाला काही झालं का? आणि हे बारके धक्के बसतायत ते बरंच ना, आतला जोर निघून जातोय? पहिल्याचं उत्तर बातमीत येतं : धरण सुरक्षित आहे. दुसऱ्याचं उत्तर कोणी देत नाही, आणि लोकांनी स्वतःच्या समाधानासाठी जे ठरवून टाकलंय ते चुकीचं आहे. त्याकडे येतो, पण आधी मूळ गोष्ट.

शिवसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी साठायला लागलं आणि त्यानंतर कोयनानगरच्या आसपास जमिनीतून सुरुंग उडाल्यासारखे आवाज आणि हादरे सुरू झाले. धरणाच्या कामावरच्या लोकांना सुरुंगाचा आवाज ओळखीचा होता, म्हणून आधी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. ते वाढले तेव्हा १९६३ मध्ये भूकंपमापक बसवले गेले आणि दिसलं की बहुतेक धक्क्यांचा उगम जलाशयाच्या जवळपासच आहे. १३ सप्टेंबर १९६७ ला पाचच्या वरचा धक्का बसला. आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी ६.३ रिश्टरचा. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत. जगात धरणाच्या पाण्याशी जोडले गेलेले जेवढे भूकंप आहेत, त्यांत आजही हाच सगळ्यात मोठा मानला जातो. झांबेझी नदीवरचं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता, चीनमधलं शिनफेंगजियांग, सहाच्या वर गेलेली ही बाकीची तीन उदाहरणं. सगळी साठच्या दशकातली, आणि सगळीकडे पाणी भरल्यानंतरच्या काही वर्षांतली.

आता वजनाचं. लोक म्हणतात, एवढं पाणी म्हटल्यावर जमीन दबणारच. दबते, पण किती? पाण्याचा दाब फक्त खोलीवर ठरतो. दहा मीटर खोल पाणी म्हणजे तळाच्या दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो भार. शंभर मीटर पाणी म्हणजे दहा किलो. आपले धक्के जलाशयाच्या तळाशी होत नाहीत, ते बहुतेक जमिनीखाली तीन ते दहा किलोमीटरवर होतात. गोठण्याला भूविज्ञान मंत्रालयानं २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल वेध घेतला, त्यात साधारण साडेबाराशे मीटरपर्यंत आपला नेहमीचा काळा पाषाण लागला आणि त्याखाली थेट जुना ग्रॅनाइट-नाइसचा पाया. धक्क्यांचं घर त्या पायात आहे. तिथे पाच किलोमीटरवर नुसत्या वरच्या खडकाचंच वजन चौरस सेंटिमीटरला तेराशे किलोच्या घरात जातं. तिथवर जाईपर्यंत जलाशयाचा दहा किलोचा भार आजूबाजूला पसरून आणखी विरळ होतो, कारण शिवसागर लांबीला पन्नास किलोमीटर असला तरी रुंदीला अरुंद आहे. तेराशेवर एक-दोनची भर पडून डोंगर कसा हलेल?

शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर वजनात नाही. ते घर्षणात आहे.

त्या खोलीवरची जुनी भेग, म्हणजे भ्रंश, अशी समजा की खडकाचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांना घासून उभे आहेत. त्यांना सरकवू पाहणारा ताण धरणानं आणलेला नाही. भारताची सगळी भूपट्टी वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर या गतीनं उत्तरेकडे जाऊन आशियाला भिडते आहे, तो रेटा इथल्या खडकातही साठत जातो. भेग धरून ठेवतं ते दोन तुकड्यांमधलं दडपण आणि त्यामुळे होणारं घर्षण. पण भेगेत पाणी असतं. तेही दाबाखाली असतं आणि दोन्ही तुकड्यांना एकमेकांपासून दूर ढकलत असतं. म्हणून भेगेला मिळणारं खरं दडपण म्हणजे खडकाचं दडपण वजा आतल्या पाण्याचा दाब.

हे घरी बघायचं असेल तर गरम पाण्यानं नुकताच विसळलेला काचेचा पेला ओल्या, किंचित उतरत्या ओट्यावर उपडा ठेवा. काही क्षणांत तो आपोआप सरकायला लागतो. त्याला कोणी ढकललेलं नसतं आणि उतारही वाढलेला नसतो. आत कोंडलेली हवा गरम होऊन फुगते, पेल्याचं थोडं वजन आतूनच उचलते, आणि कडेचं घर्षण कमी पडतं.

आता पाच किलोमीटरवरचा हिशेब मांडू. आकडे ढोबळ आहेत, पण मुद्दा कळायला पुरेसे. खडकाचं दडपण १३००. भेगेतल्या पाण्याचा स्वतःचा दाब ५००, कारण पाच किलोमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभच तो. बाकी उरले ८००. खडकावर खडक घासतो तेव्हाचा घर्षणाचा गुणक ०.६ धरला तर भेग ४८० किलोपर्यंतचा ताण पेलेल. जलाशयामुळे तिथल्या पाण्याचा दाब समजा फक्त एक किलोनं वाढला. बाकी ७९९, गुणिले ०.६, म्हणजे ४७९.४. भेगेची ताकद ०.६ किलोनं घटली. टक्क्यात सांगायचं तर एका टक्क्याचा आठवा भाग.

या आकड्याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला, ज्या भेगेवर ताण ३०० आहे तिला धरणानं काहीही होत नाही. म्हणूनच जगातली बहुसंख्य मोठी धरणं वर्षानुवर्षं शांत उभी आहेत. दुसरा, ज्या भेगेवर ताण आधीच ४७९.५ आहे ती सुटते. कोयनेखालची भेग अशी होती. धरण नसतं तरी ती कधीतरी सुटली असती, कदाचित शंभर वर्षांनी, कदाचित हजार. पाण्यानं ती तारीख अलीकडे ओढली. भूकंपाची ऊर्जा भूपट्टीची, वेळ पाण्यानं ठरवलेली. 'धरणामुळेच सगळं' म्हणणारे आणि 'धरणाचा काही संबंध नाही' म्हणणारे ग्रामसभेत एकमेकांच्या अंगावर येतात तेव्हा दोघांनाही हे अर्धंच माहीत असतं.

पुढचा गैरसमज पाणी झिरपण्याचा. लोकांना वाटतं शिवसागरचं पाणी गळत गळत पाच किलोमीटर खाली जातं आणि भेग ओली करतं. तशी गरज नाही. खोल खडकातल्या बारीक भेगांत पाणी आधीपासून आहे, लाखो वर्षांपासून. जलाशय भरला की दोन गोष्टी होतात. एक तर वरच्या भारानं खडक किंचित दबतो आणि आतलं कोंडलेलं पाणी त्याच क्षणी दाबलं जातं. यात वरून एक थेंबही खाली जावा लागत नाही. दुसरं, जलाशयाच्या तळाशी वाढलेला दाब भेगांच्या जाळ्यातून हळूहळू खाली पसरतो. पाण्याचा थेंब थोडाच पुढे जातो, दाबाची बातमी मात्र पुढे पुढे जात राहते.

या दुसऱ्या वाटेला वेळ लागतो, आणि तो अंदाजे काढता येतो. भेगाळ खडकात दाब पसरण्याचा दर सेकंदाला एक चौरस मीटरच्या आसपास धरला तर तीन किलोमीटरवर परिणाम पोचायला महिन्याच्या आत-बाहेर लागतो आणि पाच किलोमीटरवर सुमारे बहात्तर दिवस. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. खडक जागोजागी वेगळा, त्यामुळे ही तारीखवार भविष्यवाणी नाही. पण ऑगस्टअखेर धरण भरलं आणि सप्टेंबर ते डिसेंबर धक्के वाढले, हे कोयनेच्या साठ वर्षांच्या नोंदीत वारंवार दिसतं, ते का, हे यातून समजतं. १९६७ चा सप्टेंबर आणि डिसेंबर दोन्ही याच खिडकीत बसतात.

याच नोंदीत दुसरी एक खिडकी आहे, फेब्रुवारी-मार्चची. तेव्हा धरण रिकामं होत असतं. पाणी कमी होतंय म्हणजे धोका कमी, असं कोणालाही वाटेल. पण पातळी उतरली की वरचा भार तत्काळ कमी होतो आणि भेगेला आवळून धरणारं थोडं दडपण निघून जातं. खाली पसरलेला पाण्याचा दाब मात्र तेवढ्या लवकर उतरत नाही. आवळ गेला, फुगवटा राहिला. भेग काही काळ पुन्हा कमजोर होते. चांदोलीकडच्या भागात हे जास्त जाणवतं. १९९४ च्या फेब्रुवारीचा आणि २००५ च्या मार्चचा, पाचच्या वरचे हे दोन्ही धक्के उतरत्या पाण्याच्या मोसमातले.

जाता जाता एक बारकावा, कारण त्यावर वाद होतात. नुसत्या वजनाचा परिणाम भेग कशी सरकते त्यावर अवलंबून असतो. १९६७ ची भेग साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य अशी धावते आणि तिच्या दोन बाजू आडव्या दिशेत एकमेकींना घासून सरकल्या. डोणीचावाड्याजवळ जमिनीला तिरप्या तिरप्या चिरा पडलेल्या लोकांनी पाहिल्या, त्या याच सरकण्याच्या. अशा भेगेला उभ्या वजनानं फारसा धक्का लागत नाही, तिथे खेळ मुख्यतः आतल्या पाण्याच्या दाबाचा. दक्षिणेला वारणेकडच्या धक्क्यांत एक बाजू खाली घसरते, तिथे वरचं वजन घसरायलाही मदत करतं. उलट, जिथे भूपट्टीचा रेटा एक बाजू दुसरीवर चढवू पाहतो तिथे जलाशयाचं वजन भेग दाबून धरतं. तेव्हा 'मोठं धरण म्हणजे मोठा भूकंप' असं सरसकट सूत्र नाही.

वारणेचा विषय निघाला म्हणून सांगलीकरांसाठी. कोयनेचे भूकंप पाण्यामुळे नाहीत असं म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायला मला वारणा सर्वात सोपी वाटते. चांदोलीच्या धरणात १९८५ पासून पाणी साठायला लागलं. त्याआधी धक्के प्रामुख्यानं कोयनेच्या दक्षिणेला एका पट्ट्यात होते. नंतर तोच पट्टा दक्षिणेकडे वाढत वारणेपर्यंत आला. १९९३ च्या पावसाळ्यात वारणेचं पाणी झपाट्यानं चढलं आणि आधीच्या उच्चांकापलीकडे गेलं, आणि १९९३ च्या ऑगस्टपासून १९९४ च्या फेब्रुवारीपर्यंत तिथे पाचच्या आसपासचे आणि वरचे धक्के बसले. एवढं सगळं होऊनही धक्क्यांचा प्रदेश साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या तुकड्यातच राहिला. सह्याद्रीत इतरत्र तो पसरला नाही. नवं पाणी आलं तिकडे धक्के सरकतात आणि पाण्यापासून लांब जात नाहीत, हा योगायोग म्हणायला मन धजत नाही.

आता मूळ मागणीकडे. भूकंपशास्त्रज्ञ डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोयनेच्या दीर्घ नोंदींवरून तीन गोष्टी दाखवल्या : पाणी किती वेगानं चढतं, ते आधीच्या उच्चांकाच्या वर जातं का, आणि वरच्या पातळीला किती दिवस थांबतं. वेगाची त्यांनी सांगितलेली सीमा आठवड्याला बारा मीटर, म्हणजे चाळीस फूट. पाचच्या वरचे कोयनेचे धक्के अशा वेगवान भरण्यानंतर आले. मात्र वेग ओलांडला की भूकंप येतोच असं नाही. अनेक वर्षं वेग ओलांडला आणि काही झालं नाही. ही आवश्यक अट आहे, पुरेशी नाही. उच्चांकाचं कारणही खडकाच्या स्वभावात आहे. एकदा जेवढा भार सोसला तेवढा पुन्हा आला तर खडक गप्प राहतो, त्याच्यावर गेला की पुन्हा तडकायला लागतो. म्हणून 'धरण शंभर टक्के भरलं' या बातमीपेक्षा 'पाणी पूर्वी कधीही नव्हतं एवढं वर गेलं' ही बातमी भूकंपाच्या दृष्टीनं जास्त मोलाची.

आणि इथेच टीएमसी आपल्याला फसवतो. दाब फुटांवर ठरतो, घनफळावर नाही. कोयनेची क्षमता ९८.७८ टीएमसी होती, दरवाजांना पाच फुटांच्या झडपा बसवल्यावर ती १०५.२५ झाली. साडेसहा टीएमसी म्हणजे केवढं पाणी, पण उंची वाढली फक्त पाच फूट. तळाशी दाब वाढला दीड मीटर पाण्याचा, चौरस सेंटिमीटरला जेमतेम दीडशे ग्रॅम. भरल्या जलाशयात एक टीएमसीनं पातळी नऊ इंच चढते. तोच एक टीएमसी जून-जुलैत, पाणी खाली अरुंद दरीत असताना, त्याच्या दुप्पट-तिप्पट चढवतो. म्हणजे पेपरात 'आज दहा टीएमसीची वाढ' वाचून जुलैचा आणि सप्टेंबरचा दिवस सारखा वाटतो, खाली खडकाला तो सारखा नसतो.

तेव्हा विनंती अशी की पावसाळ्यात रोज जे पत्रक निघतं त्यात साठ्याच्या शेजारी पातळी फुटांत असतेच, तिच्यापुढे आणखी दोन रकाने घालावेत. गेल्या सात दिवसांत पातळी किती फूट चढली किंवा उतरली, आणि आजवरच्या उच्चांकापेक्षा ती किती खाली वा वर आहे. कोयना आणि वारणा दोन्हींसाठी. यासाठी नवं यंत्र नको, नवा माणूस नको. पातळीची नोंद धरणावर तासातासाला होते. वजाबाकी करायची आहे. सात दिवसांचा आकडा चाळीस फुटांपलीकडे गेला किंवा उच्चांक मोडला तर पाटण, शिराळा, चिपळूण आणि संगमेश्वर तालुक्यांतल्या ग्रामपंचायतींना तेवढं एक वाक्य कळवावं : पुढचे तीन-चार महिने धक्क्यांची शक्यता नेहमीपेक्षा जास्त धरावी.

लोक घाबरतील, अफवा पसरतील, ही हरकत मला ऐकू येते. ज्या गावांनी साठ वर्षांत लाखभर लहानमोठे हादरे सोसलेत ती एका आकड्यानं घाबरत नाहीत. आमच्याकडे तीनचा धक्का बसला तर माणूस हातातला चहाचा कप खाली ठेवत नाही. खरी अडचण उलटी आहे : सवयीमुळे माणसं निर्धास्त झालीत. आणि निर्धास्तपणाच्या मुळाशी तोच समज आहे, बारक्या धक्क्यांनी जोर निघून जातो. त्याचाही हिशेब पत्रकात कधीतरी यावा. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा बत्तीसपट वाढते, दोन अंकांना हजारपट. म्हणजे १९६७ च्या ६.३ एवढी ऊर्जा सोडायला ४.३ चे हजार धक्के लागतील. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत चारच्या वरचे धक्के दोनशेच्या आसपास आणि पाचच्या वरचे वीस-बावीस. सगळे मिळूनही त्या एका पहाटेची भरपाई होत नाही. तीनच्या धक्क्यांना तर या जमाखर्चात जागाच नाही. ते सुरक्षा-झडप नाहीत, भेगेवर अजून ताण आहे याची ती खूण आहे.

दुसरी हरकत अभियंत्यांची असेल : मग धरण हळू भरावं असं म्हणताय का? नाही. कोयनेचा येवा नवजा आणि महाबळेश्वरच्या पावसावर चालतो, आणि पाणी सोडायचं की धरायचं हे कृष्णेच्या पुरावर ठरतं. २०१९ आणि २०२१ बघितलेल्या सांगलीला कोणी भूकंपासाठी जास्त विसर्ग घ्या म्हणू नये. पुराचा धोका दर दोन-चार वर्षांनी दारात येतो, मोठा धक्का कधी येईल ते सांगता येत नाही. नियमनात भूकंपाचा विचार जिथे पुराशी भांडत नाही तिथेच करावा. उदाहरणार्थ, शेवटचे काही फूट घाईनं भरण्याऐवजी सप्टेंबरात सावकाश भरणं, किंवा फेब्रुवारीत पातळी एकदम न पाडणं. ते तज्ज्ञांनी ठरवावं. माझी मागणी माहितीपुरती आहे.

धरणाच्या सुरक्षेबद्दल मला शंका घ्यायची नाही. १९६७ ला धरणाच्या आतल्या यंत्रावर गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट कंपन नोंदलं गेलं. संकल्पन करताना ०.०५ पट धरलेलं होतं. तरी ते फुटलं नाही. जिथे मागचा उतार बदलतो त्या उंचीवर भिंतीला आडव्या चिरा पडल्या, त्या भरल्या, पुढे मागून काँक्रीटचे भरभक्कम आधार दिले आणि नंतर सांडव्याचा भागही मजबूत केला. धरणाचं काम झालंय. पण १९६७ ला माणसं धरणानं मारली नाहीत. दगडमातीच्या भिंतींनी मारली.

त्या भिंती आजही आहेत. मोरणेत, वांग खोऱ्यात, आणि वारणेच्या वरच्या अंगाच्या वाड्यांवर जुनं घर बघा. दोन फूट जाड भिंत, बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे माती आणि कपच्यांचा भरणा. बाहेरच्या थराला आतल्याशी बांधणारा आरपार लांब दगड जागोजागी नसेल तर हादऱ्यात बाहेरचा थर फुगून निघतो आणि वरचं कौलारू छप्पर आत बसतं. हे होण्याआधी दिसतं. भिंतीचं पोट बाहेर आलेलं असतं, कोपऱ्यात उभी चीर असते, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघालेली असते. ओळंबा लावला की पाच मिनिटांत कळतं. अशा घरांचा दरवर्षी जुलैअखेर, पाणी चढत असताना, तलाठी, ग्रामसेवक आणि गावातला एक अनुभवी गवंडी यांनी मिळून फेरा करावा. ज्या घराचं पोट आलंय तिथली म्हातारी माणसं निदान सप्टेंबर ते डिसेंबर रात्री त्या भिंतीच्या आडोशाला झोपू नयेत. १९६७ चा धक्का पहाटेचा होता, सगळे घरात होते. ज्यांना दुरुस्ती परवडत नाही त्यांच्यासाठी दारा-खिडक्यांच्या माथ्यावरून घरभर फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा आणि आरपार दगड, एवढ्यापुरतं अनुदान वेगळं काढावं. नव्या घरकुलांत हा पट्टा नकाशात असतो. तो प्रत्यक्षात कोपऱ्यात तुटला नाही ना, हे बिल काढण्याआधी बघावं. मी पाहिलेल्या कामांत गज कोपऱ्यापाशी येऊन थांबलेले असतात, वळवून पुढच्या भिंतीत नेलेले नसतात. तसा पट्टा असून नसल्यासारखा.

पत्रकातले दोन रकाने येत्या पावसाळ्यापासून सुरू करता येतील. पहिल्या वर्षी नमुना म्हणून पाटण आणि शिराळा या दोनच तालुक्यांना पाठवले तरी चालेल. फळ्यावर ते लिहायला मोरणेतल्या आमच्या ग्रामपंचायतीची तयारी आहे, आणि आकड्यांचा अर्थ गावागावांत समजावून सांगायला मी आणि माझे काही जुने विद्यार्थी येऊ.

कळावे,

आपला,
मोरणा खोऱ्यातला एक रहिवासी,
तालुका पाटण, जिल्हा सातारा